अनामत देण्याआधी धंदा एका वाक्यात लिहा: नागपुरात घरून डबा किंवा मसाला सुरू करणाऱ्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण एक वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत सावजी डब्याचा पूर्ण हिशेब मांडलेला होता. पातेली, कढया, डबे, पहिल्या महिन्याचा किराणा, एक जुना डीप फ्रीझर आणि गाडीचं पेट्रोल, सगळं मिळून साठ हजार. "ताई, आपलं तर घरचंच आहे, भाडंही नाही. परवान्याचे शंभर रुपये भरले की झालं ना?" असं तिने विचारलं.

शंभर रुपयांची गोष्ट तिने कुठेतरी ऐकली होती आणि ती खोटी नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान व्यावसायिकाच्या नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपयेच ठरवलेली होती. पण फी आणि परवानगीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फी पावतीवर दिसते. खरा खर्च असतो नियमासाठी फोडाव्या लागणाऱ्या भिंतीचा, बदलाव्या लागणाऱ्या सिलिंडरचा, परवाना येईपर्यंत भरलेल्या रिकाम्या भाड्याचा आणि चुकीच्या छापलेल्या पाकिटांचा. तो वहीत नसतो, आणि दिसायला लागतो तेव्हा पैसे आधीच गुंतलेले असतात.

मी स्वतः यात पोळलेले आहे. काही वर्षांपूर्वी मानेवाडा रिंग रोडजवळच्या एका लेआउटमध्ये खाली दोन खोल्या भाड्याने घेतल्या, अनामत दिली, ओटा बांधला, चिमणी लावली. घर राहण्यासाठीच्या लीज प्लॉटवर होतं आणि मीटर घरगुती होतं. घरमालकाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी धुराची तक्रार केल्यावर सगळे कागद एकदम बाहेर आले. ओटा तिथेच सोडून मला निघावं लागलं. त्यानंतर माझ्याकडे कोणी धंद्याची कल्पना घेऊन आलं की किराण्याचा हिशेब मी सर्वांत शेवटी बघते.

बहिणीच्या त्या वहीवर आम्ही दोन संध्याकाळी जे काम केलं, तेच इथे क्रमाने लिहिते.

पहिलं काम: धंदा एका वाक्यात लिहा आणि त्यातले पाच शब्द अधोरेखित करा

वाक्य असं लिहायचं की त्यात काय बनवणार, कुठे बनवणार, कशावर बनवणार, कोणाला देणार आणि कशात देणार, हे पाचही यावं. बहिणीचं वाक्य असं झालं: "मी मानेवाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, घरच्या गॅसवर, रोज ४० सावजी डबे बनवून मेडिकल चौकातल्या मुलांना पोचवीन, आणि सावजी मसाल्याची १०० ग्रॅमची पाकिटं किराणा दुकानांत ठेवीन."

या वाक्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दारावर नेतो. "डबे" आणि "मसाला" हे अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो तिकडे नेतात. "फ्लॅट" म्हटलं की फ्लॅट स्कीमची कागदपत्रं, महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र, येतात. "घरचा गॅस" गॅस कंपनीच्या नियमांत अडकतो. "पाकिटं" म्हणताच वजन-मापं तपासणारा वैधमापनशास्त्र विभाग येतो, ज्याचं नावही नवख्या माणसाने बहुतेक ऐकलेलं नसतं. यातला एक शब्द बदलला की एखादं दार बंद होतं किंवा नवं उघडतं. कल्पना तपासायची म्हणजे हेच करायचं. शब्द बदलून बघायचे आणि प्रत्येक बदलाची किंमत लिहायची.

वाक्य लिहिताना पुढच्या वर्षाची स्वप्नंही प्रामाणिकपणे टाका. "सध्या डबा, पुढे दोन टेबलं टाकून मेस" असं मनात असेल तर तेही लिहा. कारण बसायची सोय केली की ते उपाहारगृह होतं आणि जागेचा वापर, आग, पार्किंग असे प्रश्न नव्याने सुरू होतात. "जागाच नको, ठेला टाकते" हा पर्यायही दिसतो तितका सोपा नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्यामुळे ठेल्यालाही विक्री प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा लागते. ठेला विकत घेण्याआधी महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारून या.

दुसरं काम: आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत ते मोजा

अन्नधंद्यात दोन मुख्य पायऱ्या आहेत, नोंदणी आणि परवाना. नोंदणी लहानांसाठी आणि परवाना मोठ्यांसाठी. दोन्हींचा अर्ज foscos.fssai.gov.in या सरकारी पोर्टलवर होतो. २०११च्या नियमांत लहान उत्पादकासाठी वर्षाला १२ लाखांची उलाढाल आणि दिवसाला १०० किलो किंवा लिटरपर्यंतचं उत्पादन अशी रेषा आखली होती. या मर्यादा आणि फी सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा असेल तोच धरा. मोजायची रीत समजावी म्हणून इथे मी १२ लाखच धरते.

रोज ४० डबे, ८० रुपये डबा, महिन्याचे २६ दिवस. महिन्याला ८३,२०० आणि वर्षाला ९,९८,४०० रुपये झाले. मसाल्याची महिन्याला ३०० पाकिटं, ६० रुपयांप्रमाणे महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,०००. दोन्ही मिळून १२,१४,४००. बहिणीला धक्काच बसला. "अगं, पण बारा लाख मला मिळणार कुठे आहेत?" इथेच बहुतेक लोक चुकतात. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, खर्च वजा करून उरलेला नफा नव्हे. हातात महिन्याला पंधरा हजार पडत असले तरी रेषा मोजताना पूर्ण विक्रीच मोजली जाते.

आता रेषा ओलांडली तर काय होतं? फी दोन-तीन हजारांवर जाते, ते फार नाही. खरा फरक पडतो स्वच्छतेच्या नियमांत. त्याच नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत आणि त्यांचे भाग पाडलेले आहेत. पहिला भाग नोंदणीवाल्या लहान व्यावसायिकांसाठी आहे. त्यात स्वच्छ जागा, पिण्याजोगं पाणी, झाकलेला कचरा, निरोगी हात अशा गोष्टी आहेत, ज्या नीट ठेवलेल्या घरच्या स्वयंपाकघरात पूर्ण होऊ शकतात. दुसरा भाग परवानाधारकांसाठी आहे आणि त्यात एक वाक्य असं आहे की उत्पादनाच्या जागेतून राहत्या भागात थेट ये-जा नसावी.

या एका वाक्याने घरगुती धंद्याचं गणित बदलतं. फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये दार असणारच. म्हणजे नोंदणीच्या पायरीवर जे स्वयंपाकघर चालतं, तेच परवान्याच्या पायरीवर अडतं. मग बाहेरून दार असलेली वेगळी खोली हवी. बहिणीच्या सासऱ्यांच्या घरी मागे तशी खोली होती. टाइल्स, सिंक, मोरीची वेगळी लाइन, जाळ्या आणि एक्झॉस्ट धरून मिस्त्रीने एक लाख वीस हजारांचा अंदाज दिला. साठ हजारांच्या धंद्याला एक लाख वीस हजारांची खोली! आणि ती कशामुळे, तर महिन्याच्या ३०० पाकिटांनी बेरीज रेषेपलीकडे ढकलली म्हणून.

म्हणून माझं सांगणं असं की पहिल्या वर्षाची विक्री रेषेच्या काठावर येत असेल तर दोनपैकी एकच करा. एकतर रेषेच्या बऱ्याच आत राहा, किंवा परवाना घ्यायचाच असं ठरवून पहिल्या दिवसापासून जागा तशीच शोधा. काठावरचा धंदा सर्वांत महाग पडतो, कारण त्यात खर्च दोनदा होतो.

तिसरं काम: स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघा

हे काम कागदावर होत नाही. सकाळी नऊला, घरात सगळ्यांची धावपळ चाललेली असताना, स्वयंपाकघराच्या दारात दहा मिनिटं उभं राहा. संडास-बाथरूमचं दार ओट्याच्या बाजूला उघडतं का? भांडी घासायच्या सिंकमध्येच हात धुतले जातात आणि त्यातच मटण धुतलं जाणार आहे का? कच्चं मटण आणि चिरलेली कोथिंबीर एकाच पाटावर येणार का? कचऱ्याचा डबा उघडा आहे का? पीठ-डाळींचे डबे जमिनीवर टेकलेले आहेत की फळीवर? तपासणीला येणारा अधिकारी हेच बघतो आणि यातल्या बहुतेक गोष्टी पाचशे-हजार रुपयांत सुधारतात. संडासाचं दार मात्र पाचशे रुपयांत हलत नाही. ते चुकीच्या जागी असेल तर त्या स्वयंपाकघराचा विचार तिथेच थांबवा.

बहिणीच्या घरात दोन गोष्टी निघाल्या. पहिली पाण्याची. तिच्या स्कीमला महापालिकेचं पाणी आहे, पण उन्हाळ्यात टाकी बोअरवेलने भरतात. बोअरच्या पाण्याची तपासणी केल्याशिवाय ते स्वयंपाकाला वापरता येणार नाही. परवान्याच्या अर्जात तर पाण्याचा तपासणी अहवाल मागतातच. नोंदणीच्या वेळी कोणी मागितला नाही तरी तो करून घ्यावा असं मला वाटतं, कारण चाळीस मुलं रोज ते खाणार आहेत. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तपासणी करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा निवडा आणि नमुना टाकीतून न घेता ज्या नळाने स्वयंपाक होतो त्या नळाचा द्या.

दुसरी गोष्ट मोरीची होती, आणि ती कोणत्याही अर्जात नसते. सावजी म्हटलं की तर्री आली. चाळीस डब्यांची भांडी रोज घासली तर ते तेल स्कीमच्या सामाईक पाइपमध्ये जाऊन बसतं. दोन-तीन महिन्यांत खालच्या मजल्यावरची मोरी तुंबते, आणि मग तक्रार होते. घरगुती अन्नधंद्याची चौकशी अशाच शेजारच्या तक्रारीवरून सुरू झालेली मी जास्त पाहिली आहे. उपाय सोपा आहे. भांडं घासण्याआधी तेल कागदाने पुसून कोरड्या कचऱ्यात टाकायचं आणि सिंकखाली तेल अडवणारा सापळा बसवायचा. त्याची किंमत पहिल्याच वहीत लिहा.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचं वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र असावं, टायफॉइडची लस घेतलेली असावी. "मी तर रोज घरी करतेच ना," असं म्हणून स्वतःला सोडू नका आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही सोडू नका. त्यांची तपासणी तुमच्या खर्चाने करा.

चौथं काम: गॅस आणि मीटर

१४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच असतो. विकायच्या अन्नासाठी तो वापरणं नियमबाह्य आहे, धंदा घरात असला तरीही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. बहिणीला हे ऐकून वाटलं, धंदाच बसला. म्हणून आम्ही हिशेब केला. तिचा महिन्याचा गॅस साधारण ४५ किलो. दर बदलत राहतात, पण दोन सिलिंडरांमध्ये किलोमागे ४० रुपयांचा फरक धरला तर महिन्याला १,८०० रुपये. महिन्याचे डबे १,०४०. म्हणजे डब्यामागे पावणेदोन रुपये. डबा ८० ऐवजी ८२ चा केला की प्रश्न मिटला. घाबरवणारी अट दर डब्यावर आणून बघायची, ती बऱ्याचदा इतकीच लहान निघते.

उलट काही अटी लहान दिसतात आणि मोठ्या निघतात. साठवणुकीचं बघा. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, सहावा आला की ११४. डब्यावाल्याला इतके लागत नाहीत, पण लग्नाच्या सीझनमध्ये ऑर्डर घेणारे एकदम आठ-दहा सिलिंडर आणून जिन्याखाली लावतात. तुमच्या वाक्यात "केटरिंग" हा शब्द असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

मीटरचं प्रकरण मला स्वतःला महाग पडलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. घरगुती मीटरवर धंदा चालवला आणि ते उघड झालं, तर २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर म्हणून आकारणी होते. ती लागू असलेल्या दराच्या दुप्पट असते, आणि वापर केव्हापासून आहे ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. पण घरातल्या घरात छोटा धंदा करणाऱ्यांसाठी महावितरणच्या दरपत्रकात एक वाट ठेवलेली आहे. महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत आणि वर्षाचा ३,६०० च्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. चालू वर्षाच्या दरपत्रकात ही अट स्वतः वाचून घ्या आणि मग तुमची बिलं काढा.

बहिणीच्या घरचा महिन्याचा वापर १७० युनिट होता. तिच्या वहीतला जुना डीप फ्रीझर दिवसाला तीन युनिट खाईल असं धरलं, तर महिन्याला ९०. मिक्सर आणि एक्झॉस्टचे ३६. बेरीज २९६. तिला वाटलं, बसलं बरोबर. मी म्हटलं, मे महिन्याचं बिल आण. नागपूरचा मे महिना, दिवसरात्र कूलर. त्या बिलात घरचाच वापर २३० होता. त्यात हे १२६ घातले की ३५६. फ्रीझर काढला तर २६६. म्हणजे सगळा भार एका फ्रीझरवर आला होता.

फ्रीझर कशाला हवा होता? मटणासाठी. आठवड्यात बुधवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस मटण होतं. मग साठवायचंच कशाला? त्या दिवशी सकाळी परवानाधारक दुकानातून ताजं आणायचं, बिल घ्यायचं, दुपारी डबे गेले की संपलं. साठवणूक नाही, विजेची अट मोडत नाही, आणि शिळ्या मटणाची काळजीही नाही. फ्रीझरचे अठरा हजार वहीतून कमी झाले. तपासणीतून खर्च वाढतोच असं नाही, कधी असा कमीही होतो.

एक मात्र पाळावंच लागतं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहावं किंवा ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात. अकराला भरलेला डबा दीडला उघडणार असेल तर साधा स्टीलचा डबा पुरत नाही, गरम ठेवणाऱ्या पेट्या लागतात. दोन पेट्यांची किंमत वहीत लिहा, आणि एक साधा अन्नाचा थर्मामीटरही. पहिल्या आठवड्यात शेवटच्या मुलाला द्यायचा डबा त्याच्या दारात उघडून मोजा.

पाचवं काम: जागेचे कागद, पैसे देण्याआधी

स्वतःच्या फ्लॅटमध्ये करत असाल तर डीड ऑफ डिक्लेरेशन किंवा सोसायटीचे उपविधी काढून "फक्त राहण्यासाठी" असं कुठे लिहिलं आहे का ते बघा आणि समितीला लेखी पत्र देऊन ना-हरकत मागा. डिलिव्हरीची मुलं जिन्यात उभी राहणार नाहीत, सामान लिफ्टमधून या वेळात येईल, मोरीचा सापळा बसवलेला आहे, हे त्या पत्रात लिहिलं तर काका-काकू नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

भाड्याची जागा असेल तर टोकनचे पैसे देण्याआधी घरमालकाकडून चार कागद मागा. मालमत्ता कराची शेवटची पावती, ज्यात वापर निवासी आहे की अनिवासी ते कळतं. विजेचं बिल, ज्यावर दराचा वर्ग छापलेला असतो. मंजूर नकाशा. आणि चौथा कागद नागपूरचा खास, म्हणजे प्लॉटचं मूळ. जागा नासुप्रच्या लीजची असेल तर लीज डीडमध्ये वापर काय लिहिला आहे? जुन्या लेआउटमधली असेल तर प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, म्हणजे आरएल, झालेलं आहे का? शहराच्या हद्दीबाहेर, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या म्हणजे एनएमआरडीएच्या भागात असेल तर जमीन अकृषक आहे का? घरमालक म्हणेल, "भाऊ, इथे सगळेच करतात, कोणी विचारत नाही." मलाही हेच सांगितलं होतं. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याची जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

कागद ठीक वाटले तरी करारात एक ओळ घाला, की अन्नाचा परवाना या जागेच्या कारणाने नाकारला गेला तर अनामत पूर्ण परत मिळेल. आणि वाट पाहण्याचा काळ पैशात मोजा. परवान्याच्या अर्जाला ६० दिवसांपर्यंतची मुदत धरलेली असते. नऊ हजार भाड्याची खोली दोन महिने रिकामी ठेवली की अठरा हजार गेले. घरमालकाशी बोलून भाडं परवान्याच्या तारखेपासून सुरू करता येतं का ते विचारा. काही जण पहिला महिना सोडतात.

सहावं काम: "पाकीट" या शब्दाची किंमत

डब्यात घातलेला मसाला हा तुमच्या स्वयंपाकाचा भाग असतो. तोच मसाला पाकिटात बंद करून दुकानात ठेवला की तो आवेष्टित वस्तू होतो आणि त्याच्यावर दोन कायद्यांची नजर येते. अन्नाच्या लेबलचे नियम २०२०चे, आणि वजन-मापाच्या बाजूने आवेष्टित वस्तूंचे नियम २०११चे. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. वजनकाटा वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असलेला हवा. ऑनलाइन मागवलेला घरगुती काटा चालत नाही.

"मग सुटाच विकते," असं बहिण म्हणाली. तेही होत नाही. दळलेला मसाला पॅकबंद असल्याशिवाय विकायला मनाई आहे.

लेबलवर काय हवं? पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापरायची तारीख, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागची किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. घटक उतरत्या क्रमाने म्हणजे दगडफूल, खसखस, सुंठ यांची वजनं ठरवून लिहावी लागतात. अंदाजाने मूठभर टाकणाऱ्या हाताला ही सवय लावायला वेळ लागतो. बहिणीने तीन वेळा मसाला तोलून केला, तेव्हा कुठे यादी स्थिर झाली.

जास्त नुकसान होतं ते छपाईत. इतवारीत पाऊच छापून घ्यायला गेलात तर कमीत कमी संख्या मोठी सांगतात. ५,००० पाऊच साडेतीन रुपयांनी म्हणजे १७,५००. नोंदणीचा क्रमांक यायच्या आधी छापले, किंवा पत्ता बदलला, की सगळे रद्दी. म्हणून सुरुवातीला कोरे पाऊच आणि वरून चिकटवायचं छापील लेबल घ्या, दोनशे-तीनशेच. तेही लावण्याआधी एका कागदावर खऱ्या आकारात छापून हातात धरा. अक्षरं वाचता येत नसतील तर पाऊच मोठा करावा लागेल.

आणि लेबलवर विशेषणं घालताना फार जपून. "शुगर फ्री" लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. "डायबिटीस कमी करतो", "सांधेदुखीवर गुणकारी" असं काही लिहिलं तर तो अन्नपदार्थ न राहता औषधाचा दावा होतो, आणि औषधाचा परवाना ही संपूर्ण वेगळी दुनिया आहे. मेथीचे लाडू विकणाऱ्या किती तरी जणी या एका ओळीने अडकतात. लाडवाचं नाव मेथीचा लाडू एवढंच ठेवा.

बहिणीचं पाकिटाचं गणित असं निघालं. मुद्रा असलेला काटा, पाऊच, लेबल, नोंदणी आणि एक तपासणी मिळून २८,०००. पाकिटामागे सुटणारे १५ रुपये, ३०० पाकिटांचे महिन्याला ४,५००. म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काळ फक्त खर्च भरून काढण्यात जाणार, तोही दुकानदाराने सगळी पाकिटं विकली तर. शिवाय हीच पाकिटं तिला उलाढालीच्या रेषेपलीकडे नेत होती. स्वतः दळायचं ठरवलं असतं तर कांडप यंत्राचा आवाज, धूळ आणि जास्तीचा वीजभार हे सगळं त्यावर चढलं असतं. दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये बनवून आपल्या नावाने विकता येतं, पण त्यासाठीही आपली वेगळी नोंदणी लागतेच.

शेवटचं काम: वाक्य पुन्हा लिहा

दुसऱ्या संध्याकाळी बहिणीने वाक्य असं केलं: "मी मानेवाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, समितीच्या लेखी संमतीने, व्यावसायिक सिलिंडरवर, रोज ४० सावजी डबे ८२ रुपयांनी, फ्रीझरशिवाय, गरम पेट्यांतून मेडिकल चौकात पोचवीन." पाकीट गेलं, फ्रीझर गेला. पेट्या, सापळा, थर्मामीटर, पाण्याची तपासणी, दोघींची वैद्यकीय तपासणी आणि सिलिंडरची अनामत असे सोळा हजार वाढले. साठातून अठरा वजा आणि सोळा जमा, म्हणजे अठ्ठावन्न हजार. वार्षिक विक्री १०,२३,३६०, म्हणजे १२ लाखांच्या रेषेपासून पावणेदोन लाख आत.

नोंदणी तिने स्वतः केली. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि ऑनलाइन फी, एवढंच. पोर्टलसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट आणि एजंट याच कामाचे दोन-तीन हजार घेतात, म्हणून पत्ता नीट टाइप करा आणि शेवटी gov.in आहे ना ते बघा. अर्जात धंद्याचा प्रकार निवडताना मात्र घाई नको. डबा हा शिजवून देण्याच्या वर्गात येतो, मसाला उत्पादनाच्या. चुकीचा प्रकार निवडला तर क्रमांक मिळतो, पण तो तुम्ही करत असलेल्या कामाचा नसतो. मदतीला मोजकेच कामगार ठेवले तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही त्याच आठवड्यात उरकून टाका.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता दर महिन्याच्या एक तारखेला तीन आकडे लिहिले जातात. विक्रीची वर्षाची बेरीज, विजेचे युनिट आणि समितीकडे आलेल्या तक्रारी. बेरीज ११ लाखांवर पोचली की मागच्या खोलीच्या मिस्त्रीला फोन करायचा, असं तिने तिथेच लाल शाईने लिहून ठेवलं आहे. मसाल्याची पाकिटं त्या खोलीतच सुरू होतील.